गेटापासून मशीनपर्यंतची मिनिटं

मी टाइम ऑफिसला आहे. मस्टर, पंचिंग, शिफ्ट बदल्या, ओटीचे म्हणजे ओव्हरटाइमचे तक्ते हे माझं रोजचं काम. त्यामुळे युनियनचं मागणीपत्र आलं तेव्हा दोन्ही बाजूंनी माझ्याकडे मागितलं ते एकच, 'गेटच्या मशीनचा डेटा काढून ठेवा'. मागणी सरळ होती: माणूस गेटातून आत आला की त्याची वेळ कंपनीची, आणि पगार तिथूनच सुरू व्हावा. कंपनीचं उत्तरही तितकंच सरळ होतं: शिफ्ट सातला सुरू होते, त्याआधी जे होतं ती कामाची तयारी, काम नव्हे. मग कंपनी आणि युनियन मिळून एक समिती बसली आणि आकडे सांभाळणारा माणूस म्हणून मलाही तिच्यात घेतलं.

पहिल्या बैठकीत माझ्या डेटावर सगळे तुटून पडले आणि थोड्याच वेळात तो निरुपयोगी आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. गेटचं पंचिंग एवढंच सांगतं, की माणूस आवारात आला. पुढे तो काय करतो हे ते मशीन सांगत नाही. आमच्याकडची एक बस सव्वासहालाच पोचते, कारण तिचा मार्ग तसा आखलाय. त्या बसने येणारे कॅन्टीनमध्ये बसतात, पेपर वाचतात, गप्पा मारतात. मोटारसायकलवाले साडेसहाच्या पुढेमागे येतात. दोघेही सात वाजता लाईनवर असतात. गेटपासून वेळ धरली तर बसवाल्यांना पंधरा मिनिटं जास्त मिळणार, आणि ती कशाची, हे युनियनच्या सेक्रेटरींनाही सांगता येईना. उलट बाजूने पाहिलं तर सात वाजता लाईनवर उभा असलेला माणूस सातला तिथे उगवलेला नसतो. सातला मशीन सुरू व्हायचं तर त्याआधी बरंच काही घडलेलं असतं, आणि त्यातलं काय कंपनीच्या हुकमाने घडतं हा खरा प्रश्न होता.

म्हणून आम्ही त्या वेळेचे तुकडे पाडले. नमुन्याला पॅकिंग विभाग घेतला, कारण सगळ्यात जास्त भानगडी तिथेच आहेत. तिथे निर्जंतुक माल भरला जातो, त्यामुळे घरच्या कपड्यांवर आत जाता येत नाही. माणूस गेटातून येतो, चेंजिंग रूमपर्यंत चालतो, लॉण्ड्रीच्या खिडकीवर धुतलेला सूट घेतो, घरचे कपडे लॉकरमध्ये ठेवून सूट, टोपी, मास्क आणि आतले बूट चढवतो, एअर शॉवरमधून, म्हणजे धूळ झटकणाऱ्या हवेच्या झोतातून, पलीकडे जातो आणि लाईनच्या टोकाला फळ्याजवळ उभा राहतो. सहा पन्नासला तिथे सुपरवायझर ब्रीफिंग घेतो. कालचा रिजेक्शनचा आकडा, आज कोणती बॅच, कोण कुठल्या स्टेशनला, कुठल्या मशीनचा सेन्सर कुरकुरतोय. सातला बेल. शिफ्ट साडेतीनला सुटते, मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी, म्हणजे कागदावर कामाचे आठ तास. सुटताना हाच क्रम उलटा.

मोजायला कोणी घड्याळ घेऊन मागे लागावं अशी पहिली कल्पना होती. एकदा तसं करून पाहिलं. मागे माणूस दिसला की काहीजण मुद्दाम सावकाश बटणं लावायचे, काही उगाच धावायचे. ते सोडून दिलं. चेंजिंग रूमच्या दाराला कार्ड रीडर आहे, आणि एअर शॉवरच्या दोन दारांचं इंटरलॉक प्रत्येक उघडझाकीची वेळ साठवतं. ही नोंद पगारासाठी नव्हती, क्वालिटीवाल्यांसाठी होती, त्यामुळे तिच्यात फेरफार केल्याचा संशय कोणी घेतला नाही. तिन्ही शिफ्टमधल्या नोंदी काढल्या आणि सरासरी न घेता मधला आकडा घेतला. सरासरी घेतली असती तर चेंजिंग रूममध्ये फोनवर बोलत बसलेल्या चारदोन जणांनी सगळ्यांचा वेळ फुगवला असता. मधल्या आकड्याने पॅकिंगचं चित्र असं निघालं: गेट ते चेंजिंग रूम सात मिनिटं, सुटाच्या खिडकीवर रांगेत पाच, कपडे चढवायला सहा, एअर शॉवर धरून लाईनपर्यंत चार, ब्रीफिंग दहा. सुटल्यावर लाईनवरून परत यायला चार, कपडे उतरवायला तीन, गेटापर्यंत पुन्हा सात. म्हणजे मागणीपत्राप्रमाणे दिवसाची शेहेचाळीस मिनिटं.

ब्रीफिंगचा निकाल सगळ्यात लवकर लागला, आणि तोही माझ्याच कपाटातल्या फायलीमुळे. प्रॉडक्शन मॅनेजर सांगत होते की ब्रीफिंगला येणं ऐच्छिक आहे. माहिती फळ्यावर लिहिलेलीच असते, कोणी आलं नाही तर काही बिघडत नाही. मी मेमोची फाईल उघडली. त्यात एका ऑपरेटरला दिलेला मेमो होता, 'सकाळी 6.50 च्या ब्रीफिंगला वारंवार गैरहजर, खुलासा करावा'. त्याच माणसाचं त्या दिवसांचं मस्टर पाहिलं तर तो सातच्या आत लाईनवर होता. एकदाही लेट मार्क नाही. म्हणजे शिफ्टला वेळेवर असूनही त्याला खुलासा द्यावा लागला होता. न आल्याबद्दल जिथे जाब विचारला जातो, तिथलं येणं ऐच्छिक कसं? मॅनेजर साहेबांनी मेमो दोनदा वाचला आणि पुढचा मुद्दा घ्या म्हणाले.

मला स्वतःला कसोटी सापडली ती इथे. त्या मिनिटाला माणूस घाम गाळतोय का हे बघून काही कळत नाही. ब्रीफिंगमध्ये तो नुसता उभा असतो. बघायचं ते हे, की त्या मिनिटावर ताबा कोणाचा आहे, आणि माणसाने ते मिनिट स्वतःच्या मर्जीने घालवलं तर त्याचं काय होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1930 च्या करारात कामाच्या तासांची व्याख्या जवळपास अशीच आहे: कामगार मालकाच्या हाताशी उपलब्ध असतो तो वेळ. तो करार दुकानं आणि कार्यालयांसाठी आहे, कारखान्यांसाठी नाही, ही आठवण एचआरच्या मॅडमनी लगेच करून दिली. ते बरोबरच आहे. पण विचार करायला ती व्याख्या फार उपयोगी पडली.

कपडे बदलण्यावर मात्र भांडण झालं. कंपनीचं म्हणणं, कपडे तर प्रत्येकजण घालतो, त्याचे पैसे कोणी कोणाला देत नाही. ऐकायला हे पटतं. पण पॅकिंगच्या कामाच्या लेखी कार्यपद्धतीत, म्हणजे सगळे जिला एसओपी म्हणतात तिच्यात, दोन वाक्यं होती. सूट घातल्याशिवाय आत प्रवेश नाही, आणि सूट आवाराबाहेर नेण्यास मनाई. माणसाने घरून सूट घालून यायचं म्हटलं तरी त्याला येता येत नाही. कधी, कुठे आणि काय घालायचं, हे तिन्ही कंपनी ठरवते. आणि तो सूट माणसासाठी नाही, मालासाठी आहे. लाईनवरच्या एक ताई बैठकीत म्हणाल्या, "साहेब, मला त्या सुटात काही मिळत नाही. उकडतं तेवढं." त्यानंतर त्या मुद्द्यावर फार वेळ गेला नाही.

मी थोडं वाचूनही आलो होतो, कारण हा वाद काही आमच्या कारखान्यात पहिल्यांदा झालेला नाही. अमेरिकेत 1956 मध्ये बॅटरी बनवणाऱ्या कारखान्याचं प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. शिसं आणि ॲसिड यांच्यात काम असल्याने तिथल्या कामगारांना कपडे बदलावे लागत आणि सुटताना अंघोळ करावी लागे. ती दोन्ही कामाचाच अविभाज्य भाग आहेत, असं न्यायालयाने धरलं. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाचा 9 मार्च 2000 चा निकाल तर आमच्याच चेंजिंग रूमकडे पाहून लिहिल्यासारखा आहे. नागासाकीच्या जहाजबांधणी कारखान्यातले ते कामगार होते. कामाचा गणवेश आणि संरक्षक साधनं आवारातच चढवण्याची सक्ती होती. न्यायालय म्हणालं, कामाची वेळ कोणती हे करारात काय लिहिलंय त्यावर ठरत नाही, माणूस प्रत्यक्षात मालकाच्या हुकमाखाली होता का यावर ठरतं. म्हणून कपडे बदलणं आणि तिथून पुढे कामापूर्वीच्या कवायतीच्या जागेपर्यंत चालणं हे कामाच्या वेळेत धरलं. पण फाटकापासून चेंजिंग रूमपर्यंतचं चालणं धरलं नाही.

हे शेवटचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा सेक्रेटरी माझ्यावर चिडले. "भाऊ, तुम्ही कोणाच्या बाजूने?" त्यांचा मुद्दा कच्चा नव्हता. आमच्या आवारात आत गाडी आणता येत नाही. गेटपाशी स्टँडला लावायची आणि सात मिनिटं आखलेल्या पिवळ्या पट्ट्यामधूनच चालायचं. पट्ट्यात थांबता येत नाही, पट्टा सोडून चालता येत नाही. एवढी बंधनं असतील तर ताबा कंपनीचा नाही का? आणि जे चालणं चेंजिंग रूमनंतर मोजायचं, तेच आधी का मोजायचं नाही? पाय तर तेच.

यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि मला वाटतं तो घालवण्यासारखाच होता. अमेरिकेत हा प्रश्न दोन्ही बाजूंनी सुटून झालाय. मिशिगनमधल्या एका चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्याच्या प्रकरणात 1946 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आवारातलं चालणंसुद्धा कामाच्या वेळेत धरलं होतं. त्यानंतर मागच्या थकबाकीसाठी दाव्यांचा असा पूर आला की 1947 मध्ये तिथल्या संसदेने कायदाच केला: मुख्य कामाच्या जागेपर्यंत जाणं-येणं आणि कामाआधीची किंवा नंतरची किरकोळ तयारी यांचे पैसे देणं सक्तीचं नाही, करारात किंवा रिवाजात तसं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. मग पुढचा प्रश्न उभा राहिला, की मुख्य काम सुरू कधी होतं? 2005 मध्ये मांस प्रक्रियेच्या कारखान्याच्या एका प्रकरणात त्याचं उत्तर आलं. तिथे अंगावर चढवायची संरक्षक साधनं कामाचा अविभाज्य भाग होती. ती चढवली की कामाचा दिवस सुरू झाला, आणि एकदा सुरू झालेला दिवस मध्ये तुटत नाही, म्हणून तिथून पुढचं चालणं मोजायचं.

म्हणजे पाय तेच असले तरी पायांच्या आधी काय घडलं याने फरक पडतो. गेटापासून चेंजिंग रूमपर्यंत चालणारा माणूस अजून कामावर येतोय. कोणी त्याला त्या वाटेवर काही काम सांगितलेलं नाही, तो फोनवर बोलू शकतो, कॅन्टीनकडे वळू शकतो, सहा वाजता येऊ शकतो किंवा सहा पस्तीसला. पिवळ्या पट्ट्यातून चालायचं बंधन सुरक्षेचं आहे, ते पाहुण्यांनाही आहे. सूट चढवून बाहेर पडलेला माणूस मात्र कुठेही वळू शकत नाही. त्याने कॅन्टीनकडे पाऊल टाकलं तर सूट बदलावा लागेल. मी हे समितीत मांडलं तेव्हा सेक्रेटरींना ते पटलं नाही, पण खोडताही आलं नाही. आवार मोठं असलं की त्याचा भुर्दंड कामगाराने भरायचा का, हा त्यांचा प्रश्न न्याय्य आहे. पण तो वाटाघाटीत सुटणारा प्रश्न आहे, आमच्या कसोटीवर सुटणारा नाही, एवढंच मी म्हणालो.

त्यातून एक अपवाद निघाला, आणि तो स्टोअरच्या माणसाचा. स्टोअरची किल्ली रात्री सिक्युरिटी केबिनमध्ये ठेवतात. सकाळी स्टोअरकीपरने गेटवर रजिस्टरमध्ये सही करायची, किल्ली घ्यायची, सीलचा नंबर ताडून बघायचा आणि मग स्टोअरकडे जायचं. त्याच्याबरोबर गेटातून आत आलेला पॅकिंगचा माणूस त्याच पट्ट्यातून, त्याच्या शेजारून चालतो. एकाची सात मिनिटं मोजायची आणि दुसऱ्याची नाही? आम्ही मोजली. किल्लीवर सही केल्यापासून तिची जबाबदारी त्याच्यावर आहे, हरवली तर खुलासा त्याला द्यावा लागतो, आणि ती घेऊन त्याला कॅन्टीनमध्ये बसता येत नाही. कंपनीने विरोध केला, पण एकाच माणसाचा प्रश्न असल्याने फार ताणलं नाही. दुसऱ्याच महिन्यात किल्लीची पेटी स्टोअरच्या दारापाशी बसवली गेली, नंबरच्या कुलुपासकट.

हे असं पुढे सारखं होत राहिलं. मिनिटाला किंमत आली की ते मिनिट वाचवायची अक्कल कुठून तरी येतेच. सुटाच्या खिडकीचं तसंच झालं. पाच मिनिटांची रांग सगळ्यांना खुपत होती, कारण ती कंपनीनेच तयार केलेली होती. दोन खिडक्या, पण पहिल्या शिफ्टला लॉण्ड्रीचा एकच माणूस, म्हणून एक बंद. त्या 2005 च्या अमेरिकन निकालात साधनं मिळण्याआधीची रांग मोजायला नकार आहे, पण ठरावीक वेळेला हजर राहून थांबायची सक्ती असेल तर गोष्ट वेगळी होऊ शकते, असंही म्हटलंय. साधनं उतरवून परत करण्यासाठीची रांग मात्र मोजली, कारण दिवस तेव्हा संपलेला नसतो. आमच्याकडे खिडकीवर अमुक वाजता या असा हुकूम नव्हता. पण खिडकीच साडेसहाला उघडायची, आणि सहा पन्नासच्या आत फळ्याजवळ पोचायचं होतं. म्हणजे वेळ कोणी सांगितली नाही तरी ठरलेलीच होती. मी मोजायच्या बाजूचा होतो. एचआर विरोधात. शेवटी मॅडमनी विचारलं, "दुसरी खिडकी उघडली तर?" उघडून बघितली. लॉण्ड्रीचा माणूस अर्धा तास आधी बोलावला आणि रांग राहिलीच नाही. माझ्या मते पैसे देण्यापेक्षा हे चांगलं झालं. पाच मिनिटांचे पैसे मिळण्यापेक्षा पाच मिनिटं जास्त झोप मिळाली तर कोणाला नको आहे?

बाकीच्या विभागांना पॅकिंगचंच उत्तर लावायचा मोह होता, पण ते जमेना. गोदामातल्या मुलांना कंपनीचा टी-शर्ट आणि सेफ्टी शूज. बहुतेकजण घरूनच घालून येतात, काहीजण लॉकर वापरतात. घरून घालून यायला कोणाची मनाई नाही, मग जो इथे येऊन बदलतो तो स्वतःच्या सोयीने बदलतो. त्यांचं कपडे बदलणं मोजलं नाही. ब्रीफिंग मोजलं, कारण तिथेही दहा मिनिटं आधी हजेरी होतीच. त्यांच्या मुकादमाने मला नंतर गाठून विचारलं, "पॅकिंगवाल्यांना सत्तावीस मिनिटं आणि आम्हाला दहा, हे कसं काय?" समजावून सांगितलं. तो गेला, पण मान हलवत गेला नाही.

मेंटेनन्सचं मधलंच होतं. त्यांची डांगरी तेलाने माखलेली असते. ती घालून बसमध्ये कोण बसणार? पण ती घरी न्यायला बंदी आहे का, हे कोणालाच सांगता येईना. जर्मनीच्या कामगार न्यायालयांनी असा विचार केलाय, की गणवेश चारचौघांत ठळक उठून दिसणारा असेल तर तो घालून रस्त्याने जायची अपेक्षा माणसाकडून करता येत नाही, आणि मग आवारात बदलणं हे मालकासाठीच ठरतं. तो मुद्दा मी काढला, पण त्याची गरज पडली नाही. सेफ्टी मॅन्युअलमध्ये एक ओळ सापडली: तेल आणि सॉल्व्हंट लागलेले कपडे आवाराबाहेर नेऊ नयेत. मॅन्युअल कंपनीचंच होतं. तिथेही बदलायची मिनिटं धरली.

असं सगळं झाल्यावर पॅकिंगचा हिशोब सत्तावीस मिनिटांवर आला. सकाळी सहा, चार आणि दहा, सुटताना चार आणि तीन. गेटचं जाणं-येणं आणि रांग बाहेर. सव्वीस दिवसांचा महिना धरला तर सातशे दोन मिनिटं, म्हणजे अकरा तास बेचाळीस मिनिटं. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा खोलीत पहिल्यांदा शांतता झाली. सत्तावीस मिनिटं हा बोलायचा विषय वाटत नाही. महिन्याला जवळपास दीड शिफ्ट म्हटलं की वाटतो.

इथे अकाउंट्सच्या साहेबांनी एक बरोबर प्रश्न विचारला, जो आम्ही सगळे विसरलो होतो. वेळ कामाची धरली हे ठीक, पण तिला दर कोणता? हे दोन प्रश्न खरंच वेगळे आहेत. आठ तासांची शिफ्ट, त्यात सत्तावीस मिनिटं मिळवली तर आठ तास सत्तावीस. एकेका दिवसाकडे बघितलं तर आमच्याकडे नऊ तासांच्या वरच ओटी लागतो, म्हणजे रोजच्या हिशोबात ती सत्तावीस मिनिटं साध्या दराची. पण आठवड्याची मर्यादा अठ्ठेचाळीस तासांची आहे. ती 1919 च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम करारापासून चालत आलेली. सहा दिवस पूर्ण भरणाऱ्याचे पन्नास तास बेचाळीस मिनिटं होतात. दोन तास बेचाळीस मिनिटं मर्यादेच्या वर, आणि त्यांना दुप्पट दर. आठवड्यात एक दिवस गैरहजर असलेल्याला मात्र त्या मिनिटांचा साधाच दर. माझ्या सॉफ्टवेअरला हे झेपत नव्हतं, कारण ते ओटी रोजच्या रोज मोजून मोकळं व्हायचं.

सॉफ्टवेअरचा आणखी एक गुण याच वेळी बाहेर आला. ते पंधरा मिनिटांना गोल करतं. सहा एकेचाळीसला आलेला माणूस पावणेसातला आला असं धरतं, आणि तीन बेचाळीसला सुटलेला साडेतीनला सुटला असं. उलट, सात वाजून तीन मिनिटांनी आलेल्याला मात्र सव्वासात. वेळ गोल करायला हरकत नसते, पण ती दोन्हीकडे व्हायला हवी, कधी कामगाराच्या फायद्याची, कधी कंपनीच्या. आमच्याकडे ती कायम एकाच बाजूला कलत होती. सेटिंग बसवणाऱ्या एजन्सीने कधीतरी तशी बसवली आणि कोणी विचारलं नाही. आता गोल करणंच बंद केलंय, मिनिटाला मिनिट.

प्रत्येकाची रोजची खरी मिनिटं मोजायची की विभागाचा एक ठरीव आकडा धरायचा, यावर शेवटच्या बैठका गेल्या. खरी मोजली तर सावकाश कपडे घालणाऱ्याला जास्त पैसे. ठरीव धरला तर एखाद्या दिवशी एअर शॉवर बंद पडला आणि पंधरा मिनिटं दारात उभं राहावं लागलं, तर ती बुडणार. आम्ही ठरीव आकडा घेतला आणि त्याला एक शेपूट जोडलं: सूट चढवल्यानंतर कंपनीच्या कारणाने झालेली अडचण सुपरवायझरने लॉगबुकात लिहायची, ती वेगळी धरली जाईल. लेआउट बदलला, लॉकर हलवले किंवा सुटात एखादा कपडा वाढला, तर पुन्हा मोजणी. मागची थकबाकी या करारात घेतली नाही, ती युनियनने वेगळी ठेवलीय आणि तिच्यावर बोलणी चालू आहेत.

करार लागू व्हायच्या आतच ब्रीफिंग सातच्या पुढे सरकलं आणि दहाचं पाच मिनिटांवर आलं. रिजेक्शनचा आकडा आता कोणी मोठ्याने वाचत नाही, तो फळ्यावर असतो. म्हणजे मॅनेजर साहेब पहिल्या बैठकीत जे म्हणाले होते ते निम्मं तरी खरं निघालं. त्यामुळे पॅकिंगचा आकडा सत्तावीसवरून सतरावर आला, आणि काही कामगार माझ्याकडे तक्रार घेऊन आले की मिळालेलं काढून घेतलं. काढून घेतलेलं नाही, ते आता दहा मिनिटं उशिरा येतात. रीडरच्या नोंदी दाखवल्यावर एकजण म्हणाला, "हो, पण बस तर तेव्हाच येते ना." बसचं कोणाच्या हातात नाही, निदान या समितीच्या तरी नाही.

एक मुद्दा अजून लटकतोय. मिक्सिंग रूममध्ये पावडर हाताळणारी माणसं सुटताना अंघोळ करतात. बॅटरी कारखान्यातली अंघोळ मोजली गेली कारण शिसं अंगावर घेऊन घरी जाणं धोक्याचं होतं. नागासाकीतलं कामानंतरचं हातपाय धुणं मोजलं गेलं नाही, कारण त्याची सक्ती नव्हती आणि त्याशिवाय घरी जाणं फार अवघड होतं असंही नव्हतं. आमची पावडर या दोन्हींत कुठे बसते? एसओपीत लिहिलंय की अंघोळ 'करणे हितावह'. सुपरवायझर मात्र न करता कोणाला बाहेर सोडत नाही, आणि तसं तो सगळ्यांसमोर सांगतोही. सेफ्टी ऑफिसरकडून त्या पावडरच्या डेटाशीटवर लेखी मत मागवलंय. तोपर्यंत मिक्सिंगच्या माणसांची सुटायची वेळ मी दोन रकान्यांत टाकतोय, एक सूट उतरवल्याची आणि एक अंघोळीनंतर दाराबाहेर पडल्याची.